प्रकल्प नोंदी: लागोपाठच्या महिन्यांचा पाऊस एकमेकांपासून स्वतंत्र धरावा का?

५ फेब्रुवारी

साठवण तळ्याच्या आकारमानासाठी मासिक पावसाच्या कृत्रिम मालिका तयार करायच्या आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जानेवारीसाठी जुन्या तीस जानेवारींपैकी कुठलाही एक उचलायचा, फेब्रुवारीसाठी कुठलाही एक फेब्रुवारी, आणि असे बाराही महिने जुळवायचे. हे तेव्हाच चालेल, जेव्हा एका महिन्याच्या पावसाचा पुढच्या महिन्याशी काही संबंध नसेल. तो आहे की नाही हे ठरवण्यासाठी सध्या हातात दोनच गोष्टी आहेत. एक, छापील अहवालातल्या स्वसहसंबंधाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो. दुसरी, त्याच पानावरचा बारा महिन्यांच्या सरासऱ्यांचा तक्ता. मूळ आकडे अजून यायचे आहेत.

फोटोत दिसते ते असे: शून्यापाशी १ पर्यंत उभी दांडी, मग उतरत जाणाऱ्या दांड्या, मध्ये खाली ऋण बाजूला खोल दरी, पुन्हा वर, पुन्हा खाली. मधल्या आडव्या रेषेच्या दोन्ही बाजूंना निळ्या तुटक रेषा. जवळजवळ प्रत्येक दांडी त्या रेषांच्या बाहेर. पहिली प्रतिक्रिया साहजिक होती, की सगळेच बाहेर आहे, म्हणजे स्वतंत्र नाही, विषय संपला. पण आलेख कच्च्या पावसाचा आहे. त्यात ऋतुचक्र जसेच्या तसे बसलेले आहे, म्हणून ही प्रतिक्रिया बाजूला ठेवली.

६ फेब्रुवारी

फोटो मोजण्याजोगा करून घेतला. कागद तिरका धरल्याने आलेखाच्या चौकटीची डावी कड ६४० पिक्सेल आणि उजवी ६२७ पिक्सेल भरत होती. दोन टक्क्यांचा हा फरक डोळ्याला कळत नाही, पण उजवीकडच्या दांड्या तेवढ्याच आखूड वाचल्या जातात, आणि आपल्याला नेमकी लॅग १ आणि लॅग १२, म्हणजे एक आणि बारा महिन्यांच्या अंतरावरच्या पावसातला संबंध दाखवणाऱ्या दांड्या, यांची तुलना करायची आहे. चौकटीचे चार कोपरे धरून चित्र सरळ केले. त्यानंतर उभ्या अक्षावर ० ते १ हे अंतर ४१२ पिक्सेल आले. लॅग ० ची दांडी नेहमी बरोबर १ असते, त्यामुळे ती फुकटची पट्टी म्हणून वापरता येते. तीही ४१२ भरली.

आडव्या अक्षावर ०.५, १.०, १.५, २.० असे आकडे आहेत. हे महिने नव्हेत, वर्षे आहेत. `R` मध्ये मालिका `frequency = 12` सांगून दिली की `acf()` लॅग वर्षांत दाखवते. म्हणजे १.० पाशी उभी असलेली दांडी बारा महिन्यांच्या लॅगची, आणि लॅग १ ची दांडी शून्याला अगदी चिकटून. अक्ष न वाचता «१» वरची दांडी उचलली तर बारा महिन्यांचा सहसंबंध एका महिन्याचा म्हणून नोंदवला जातो. फोटोवरून काम करताना हा घोळ सर्रास होतो.

अहवालात किती वर्षांचे आकडे घेतले ते लिहिलेले नाही, पण फोटोच ते सांगतो. तुटक रेषा ±१.९६/√n वर असतात, n म्हणजे मालिकेतल्या मासिक आकड्यांची संख्या. वरची आणि खालची रेषा यांतले अंतर ८५ पिक्सेल, म्हणजे अर्धे ४२.५, आणि ४२.५/४१२ = ०.१०३. त्यावरून n = (१.९६/०.१०३)², म्हणजे सुमारे ३६०, तीस वर्षे. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर n ३५३ ते ३७० च्या दरम्यान फिरतो, तेवढे चालण्याजोगे आहे. शून्यापासून एकच रेषा मोजण्याऐवजी दोन्ही रेषांमधले अंतर मोजून अर्धे करावे, चूक निम्मी होते. दुसरा पडताळाही जुळला. `acf()` आपणहून 10·log10(n) इतके लॅग काढते आणि अपूर्णांक सोडून देते. फोटोत शून्यानंतर २५ दांड्या आहेत, आणि त्यासाठी n ३१७ ते ३९८ मध्ये असावा लागतो.

वाचलेल्या दांड्या: लॅग १ ला ०.५५, लॅग ६ ला −०.४८, लॅग १२ ला ०.६१, लॅग २४ ला ०.५९. दांडीचे टोक जाड रेघेमुळे थोडे धूसर आहे, त्यामुळे प्रत्येकात ±०.०१ धरावे.

९ फेब्रुवारी

आज फोटोतून ऋतू वजा केला. तक्त्यातल्या सरासऱ्या (मिमी) जानेवारीपासून क्रमाने: १०, १०, २०, ४०, ८०, १७०, २२०, १९०, १३०, ६०, २०, १०. बेरीज ९६०, मासिक सरासरी ८०. प्रत्येक महिन्याचा ८० पासूनचा फरक घेतला: −७०, −७०, −६०, −४०, ०, ९०, १४०, ११०, ५०, −२०, −६०, −७०. या बारा आकड्यांच्या वर्गांची बेरीज ६६,२००. शेजारच्या महिन्यांचे गुणाकार, डिसेंबर-जानेवारी धरून, ५४,३००. भागाकार ०.८२.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दरवर्षी अगदी सरासरीइतकाच पाऊस पडला, म्हणजे नशिबाचा भाग शून्य असला, तरी लॅग १ चा सहसंबंध ०.८२ आला असता. ओल्या महिन्याच्या शेजारी ओला आणि कोरड्याच्या शेजारी कोरडा महिना असतो, एवढीच त्यातली माहिती आहे. ती आपल्याला दिनदर्शिकेवरून आधीच ठाऊक आहे.

प्रत्यक्षात ऋतूचा वाटा पूर्ण नसतो. तो लॅग १२ ची दांडी सांगते. बारा महिन्यांनी ऋतू जिथल्या तिथे येतो, त्यामुळे तिथे उरलेला सहसंबंध जवळपास सगळा ऋतूचाच. फक्त सूत्राच्या रचनेमुळे ती दांडी (३६०−१२)/३६० = ०.९६७ इतकी दबलेली असते. ०.६१ ला ०.९६७ ने भागले की ०.६३. म्हणजे एकूण चढउतारातला ६३ टक्के भाग ऋतूचा, ३७ टक्के वर्षावर्षाच्या कमीजास्तीचा.

आता फक्त ऋतू असता तर दांड्या कुठे आल्या असत्या ते काढता येते. लॅग ६ साठी हाच हिशेब −०.७८५ देतो. त्याला ०.६३ ने गुणून दाब धरला की −०.४९. फोटोत −०.४८. लॅग २४ साठी ०.५९, फोटोतही ०.५९. लॅग १ साठी ०.६३ × ०.८२ = ०.५२, पण फोटोत ०.५५. जास्तीचा ०.०३ हा उरलेल्या ३७ टक्क्यांतून आला असला पाहिजे, म्हणून ऋतू काढल्यावरचा लॅग १ चा सहसंबंध सुमारे ०.०३/०.३७ = ०.०८.

फोटो इथवरच नेतो. दांडीच्या वाचनातली ०.०१ ची चूक ०.३७ ने भागली की फुगते, आणि दोन दांड्यांच्या चुका मिळून उत्तरावर ±०.०५ ची अनिश्चितता बसते. म्हणजे उरलेला सहसंबंध ०.०३ असेल किंवा ०.१३. «०.५५ म्हणजे भक्कम अवलंबित्व» हे वाचन चूक ठरले हे नक्की. पण स्वतंत्र धरावे की नाही हे फोटोवर ठरणार नाही. मूळ आकडे हवेतच.

१३ फेब्रुवारी

मूळ फाइल आली. १९९१ ते २०२०, ३६० ओळी, एकही जागा रिकामी नाही. तीस वर्षांत एकही महिना चुकलेला नाही हेच संशयास्पद वाटल्याने शून्ये तपासली. कोरड्या महिन्यांतली शून्ये स्वाभाविक आहेत, पण एका वर्षी जून, जुलै आणि ऑगस्ट तिन्ही शून्य. शेऱ्याच्या रकान्यात «मापक बंद» असे आहे. म्हणजे तो पाऊस शून्य नव्हे, मोजलाच गेला नाही. तिन्ही जागा `NA` केल्या.

ऋतू काढण्याची कृती साधी आहे. प्रत्येक आकड्यातून त्याच महिन्याची सरासरी वजा करायची आणि त्याच महिन्याच्या प्रमाण विचलनाने भागायचे. खाली `p` म्हणजे `frequency = 12` सांगून दिलेली मासिक पावसाची मालिका.

```r
x  <- as.numeric(p)
m  <- as.integer(cycle(p))
mu <- ave(x, m, FUN = function(v) mean(v, na.rm = TRUE))
s  <- ave(x, m, FUN = function(v) sd(v, na.rm = TRUE))
z  <- (x - mu) / s
acf(z, lag.max = 36, na.action = na.pass)
```

`z` हा साधा सदिश असल्याने आता अक्षावरचे लॅग महिन्यांतच येतात. `na.action` दिले नाही तर `acf()` त्रुटीचा संदेश देऊन थांबते. त्यावर उपाय म्हणून `na.omit()` ने ओळी गाळणे सर्वांत वाईट, कारण मधले तीन महिने गळले की मे आणि सप्टेंबर शेजारी येऊन बसतात आणि पुढची सगळी मालिका तीन महिन्यांनी सरकते.

खोट्या शून्यांसह लॅग १ चा सहसंबंध ०.१२ येत होता, ±०.१०३ च्या पट्ट्याबाहेर. शून्ये काढल्यावर ०.०९, पट्ट्याच्या आत. तीन आकड्यांनी निकाल फिरला. कारण सोपे आहे: ते तिन्ही महिने सरासरीपेक्षा दोन ते अडीच प्रमाण विचलने खाली होते आणि एकमेकांना लागून होते. त्यांचे दोन गुणाकार मिळून नऊ-दहा होतात, आणि छेदात सुमारे ३६० असतात. म्हणजे एकट्या त्या वर्षाने जवळपास ०.०३ भर घातली.

दुरुस्तीनंतर जूनची सरासरी १७६, जुलैची २२८, ऑगस्टची १९७ झाली. वार्षिक सरासरी आता सुमारे ९८० मिमी.

लॅग १२ आणि २४ ला आता बारीक ऋण दांड्या दिसतात, −०.०३ च्या आसपास. त्यांत निसर्गाचे काही नाही. तीस आकड्यांतून त्यांचीच सरासरी वजा केली की ते आपापसांत सुमारे −१/३० इतके ऋण बांधले जातात. त्यावर अर्थ काढत बसू नये.

१६ फेब्रुवारी

बैठकीत मत पडले की ०.०९ हा पट्ट्याच्या आत आहे, लॅग १ पुरती युंग-बॉक्स चाचणीही सुमारे २.९ देते आणि मर्यादा ३.८४ आहे, तेव्हा महिने स्वतंत्र धरून पुढे जावे. हे मान्य केले नाही. पट्टा एवढेच सांगतो की खरा सहसंबंध शून्य असता तरी असा आकडा योगायोगाने येऊ शकला असता. खरा सहसंबंध ०.१५ असला तरीही असाच आकडा येऊ शकतो.

मोठी अडचण वेगळी आहे. `acf()` बाराही महिन्यांना एकाच तराजूत तोलते. मानकीकरणानंतर जानेवारी-फेब्रुवारी ही जोडी जुलै-ऑगस्टच्या बरोबरीची होते. पण तळ्यात पाणी येते ते जून ते सप्टेंबरमध्ये. जानेवारीचा दहा मिमी पाऊस फेब्रुवारीला बांधलेला असला काय आणि नसला काय, तळ्याला त्याचे सोयरसुतक नाही.

म्हणून जोड्या वेगवेगळ्या काढल्या. प्रत्येक जोडीत २९ किंवा ३० च बिंदू, त्यामुळे पट्टा रुंद, ±०.३६. फेब्रुवारी-मार्च ०.४१. जून-जुलै ०.२१, जुलै-ऑगस्ट ०.२४, ऑगस्ट-सप्टेंबर ०.२७. उरलेल्या आठ जोड्या शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या, सरासरी जवळपास शून्य. बाराही जोड्यांची सरासरी पुन्हा ०.०९ च्या आसपास येते, म्हणजे हिशेब जुळतो.

पट्ट्याबाहेर गेलेली एकमेव जोडी फेब्रुवारी-मार्च आहे, आणि तीच दुर्लक्ष करण्याजोगी आहे. बारा जोड्या तपासल्या की काहीच संबंध नसतानाही निदान एक बाहेर पडण्याची शक्यता १ − ०.९५¹² = ४६ टक्के असते. शिवाय विखुरणी-आलेखात कारण उघडच दिसते. एका वर्षी दोन्ही महिन्यांत अवकाळी जोरदार पाऊस झाला. फेब्रुवारीची सरासरी १० आणि प्रमाण विचलन १२ मिमी असताना ५५ मिमी पडले की तो बिंदू ३.७५ विचलने वर जातो आणि एकटाच रेषा ओढून नेतो. ते वर्ष झाकले की ०.४१ चा ०.१२ होतो. प्रत्यक्ष मिलिमीटरऐवजी क्रमांक वापरून काढला तर ०.१८. कोरड्या महिन्यांत साधा सहसंबंध वापरूच नये, क्रमांकांवरचा वापरावा. आणि ज्या महिन्यात निम्म्याहून अधिक वर्षे शून्य पाऊस आहे, त्या जोडीबद्दल काहीच न बोलणे बरे.

पावसाळ्यातल्या तीन जोड्या मात्र एकेकट्या पट्ट्याच्या आत असूनही तिन्ही एकाच बाजूला, जवळपास सारख्याच आहेत, आणि एखादे वर्ष झाकले तरी फारशा हलत नाहीत. याला भौतिक कारणही आहे. वातावरणाची स्वतःची स्मृती दोन आठवड्यांपलीकडे जात नाही, पण समुद्रपृष्ठाचे तापमान आणि जमिनीतली ओल महिनोन्‌महिने टिकतात, आणि त्या एका ऋतूतल्या सगळ्या महिन्यांना एकाच दिशेने ढकलतात.

१९ फेब्रुवारी

संबंध खरा आहे की योगायोग, यावर वाद घालण्यापेक्षा तो तळ्याच्या हिशेबात किती फरक पाडतो हे पाहणे जास्त उपयोगाचे. यासाठी वार्षिक बेरीज घेतली.

महिन्यांची प्रमाण विचलने (मिमी), दुरुस्तीनंतर: १२, १२, २०, ३०, ५०, ८५, ९५, ९०, ७५, ५०, २५, १२. महिने स्वतंत्र असतील तर वार्षिक बेरजेचे विचरण म्हणजे या आकड्यांच्या वर्गांची बेरीज, ३७,३३२, आणि प्रमाण विचलन १९३ मिमी.

सरसकट ०.०९ सगळ्या जोड्यांना लावला तर ते २०९ होते. पावसाळ्यातल्या तीनच जोड्यांना त्यांचे स्वतःचे सहसंबंध लावले आणि बाकी शून्य धरले तर विचरणात २ × (८५×९५×०.२१ + ९५×९०×०.२४ + ९०×७५×०.२७) = ११,१४१ ची भर पडते, आणि प्रमाण विचलन २२० होते.

आता पडताळा. ज्या वर्षी मापक बंद होता ते सोडून उरलेल्या २९ वर्षांच्या प्रत्यक्ष वार्षिक बेरजांचे प्रमाण विचलन २१७ आले. २९ आकड्यांवरून काढलेल्या विचलनात १३ टक्के अनिश्चितता असतेच, त्यामुळे हा आकडा एकटा १९३ ला खोटे पाडत नाही. पण तो नेमका पावसाळी जोड्यांनी सांगितलेल्या जागी पडतो. अशी बेरजेची तपासणी `acf()` इतकीच महत्त्वाची मानावी. पट्ट्याच्या आत लपलेले, पण एकाच दिशेचे छोटे छोटे सहसंबंध तिथे एकत्र येऊन दिसतात.

वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या कमी पावसाच्या वर्षासाठी, बेरीज साधारण घंटाकृती धरून: स्वतंत्र महिन्यांनी ९८० − १.६४५ × १९३, म्हणजे सुमारे ६६२ मिमी. पावसाळी संबंध धरून सुमारे ६१८. फरक ४४ मिमी. एक हेक्टर पाणलोटावर हे ४४० घनमीटर होतात, वाहून जाणारे आणि मुरणारे पाणी वजा करण्याआधी. सहसंबंध धन असताना स्वतंत्र धरण्याची चूक नेहमी याच बाजूला पडते: कोरडी वर्षे आहेत त्यापेक्षा सौम्य दिसतात आणि तळे लहान आखले जाते.

२४ फेब्रुवारी

ठरले ते असे. एकाच महिन्याबद्दलचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ जुलैत १०० मिमीपेक्षा कमी पाऊस पडण्याची शक्यता, तर वेगवेगळ्या वर्षांचे जुलै स्वतंत्र धरून थेट मोजणी करायची. तिथे शेजारच्या महिन्याचा प्रश्नच येत नाही. मात्र जिथे महिन्यांची बेरीज किंवा सलग कोरडे महिने येतात, तिथे महिने सुटे सुटे उचलायचे नाहीत.

कृत्रिम मालिकेसाठी पूर्ण वर्षे उचलायची. जुन्या २९ वर्षांपैकी कुठलेही एक वर्ष, बाराही महिन्यांसह, पुन्हा पुन्हा. वर्षातला संबंध त्यामुळे आपोआप टिकतो, त्याचा आकडा अंदाजाने ठरवावा लागत नाही. जोड कुठे येतो एवढे पाहावे. आपल्या आकड्यांत डिसेंबर-जानेवारी दोन्ही कोरडे, दोन्हींचे विचलन १२ मिमी, म्हणून तिथला तुटलेला संबंध तळ्याच्या दृष्टीने नगण्य. पाऊस डिसेंबर-जानेवारीत पडत असता तर वर्ष सर्वांत कोरड्या महिन्यापासून सुरू करावे लागले असते.

लॅग १ चा नमुना बसवण्याचा पर्यायही पाहिला. तो सोडला, कारण सगळ्या महिन्यांना एकच गुणांक दिला तर पुन्हा तेच ०.०९ येते, आणि महिन्यागणिक वेगळा गुणांक दिला तर बारा गुणांक प्रत्येकी जेमतेम तीस बिंदूंवरून काढावे लागतात. वर्षे उचलण्यात तोटा असा की नोंदीत नसलेले वर्ष कधीच तयार होत नाही. सर्वांत कोरडे वर्ष हे नोंदीतलेच राहते, त्याहून कोरडे येत नाही.

उरलेला प्रश्न वर्षावर्षातल्या संबंधाचा. वार्षिक बेरजांचा लॅग १ चा सहसंबंध ०.११ आहे आणि पट्टा ±०.३६. एवढ्या रुंद पट्ट्यात होकार किंवा नकार काहीच निघत नाही. तळे एकाच वर्षाची गरज भागवणार असेल तर याचा त्रास नाही. दोन-तीन वर्षांचा साठा धरायचा असेल तर वर्षांमधला सहसंबंध ०, ०.१ आणि ०.३ असा तीन वेळा बदलून साठ्याचे आकारमान किती हलते ते काढायचे. ही चालवणी पुढच्या टप्प्यात.

अहवालाच्या जोडपत्रात कच्च्या पावसाचा आलेख ठेवायचा नाही, किंवा ठेवलाच तर शेजारी ऋतू काढलेला आलेख, n आणि अक्षाचे एकक ठळक छापायचे. फोटोच्या फाइलच्या नावात लॅगचे एकक घातले: `acf_raw_lag_years.jpg`.